बाइटमधले १ मोजायला कॅरीतून का फिरवतात, त्याची पार्श्वभूमी

८०८५ च्या किटवर प्रॅक्टिकल केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हा प्रोग्राम लिहिलेला असतो: मेमरीतला एक बाइट घ्यायचा, त्यात १ किती ते मोजायचं आणि उत्तर पुढच्या लोकेशनला ठेवायचं. आठ वेळा रोटेट, दरवेळी कॅरी बघायचा, एवढंच. पण हे असंच का करतात, सरळ तिसरा बिट १ आहे का असं विचारता का येत नाही, हे फारसं कोणी सांगत नाही, आणि त्याचं उत्तर ८०८५ च्या बरंच आधीच्या मशीन्समध्ये आहे.

गंमत म्हणजे सुरुवातीला लूप नव्हताच. १९५१ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात बसवलेल्या फेरांटी मार्क १ मध्ये शब्दातले १ मोजायची थेट इन्स्ट्रक्शन होती, ती ॲलन ट्युरिंगच्या आग्रहामुळे आली असं मानतात. पुढे १९६४ च्या सीडीसी ६६०० मध्येही तशी सोय होती. पण ही मोठी, महागडी मशीन्स. लहान मशीन बनवणाऱ्यांना एवढं सर्किट परवडणारं नव्हतं, त्यांनी मोजायचं काम प्रोग्रामरवर सोडलं आणि त्याच्या हातात फक्त एक जादा बिट दिला.

तो बिट नीट बघायचा तर १९६५ चं डीईसीचं पीडीपी-८ घ्यावं. त्याचा ॲक्युम्युलेटर १२ बिटचा आणि शेजारी एक बिट, नाव लिंक. `RAL` म्हटलं की हे १३ बिट मिळून एक घर डावीकडे फिरायचे, वरचा बिट लिंकमध्ये आणि लिंकमधला सगळ्यात खाली. आणि लिंक शून्य असेल तर पुढची इन्स्ट्रक्शन सोड, असं सांगणारी `SZL` होती. मधल्या कुठल्याही बिटसाठी असं काही नव्हतं, त्यासाठी मास्क मेमरीत ठेवून `AND` करा, मूळ आकडा पुसला जाणार म्हणून तो आधी बाजूला ठेवा, असला व्याप. त्यापेक्षा एकेक बिट लिंकपाशी आणून तिथे तपासणं सोपं. म्हणजे लूपचा आराखडा इथेच तयार झालेला दिसतो.

इंटेलच्या १९७१ च्या ४००४ मध्ये ॲक्युम्युलेटर चारच बिटचा, पण `RAL` आणि `RAR` तिथेही कॅरीतूनच फिरतात. मग १९७२ ला ८००८, १९७४ ला ८०८०, १९७६ ला ८०८५. ८००८ मध्ये साधारण ३५०० ट्रान्झिस्टर, त्यात प्रत्येक बिट तपासायची सोय कुठे बसवणार, म्हणून कॅरी, झीरो, साइन, पॅरिटी हे चार फ्लॅग आणि चार रोटेट एवढ्यावर भागवलं. नंतर झेड-८० मध्ये `BIT` आली खरी, पण कितवा बिट ते ओपकोडमध्येच कोरलेलं असतं, लूपच्या प्रत्येक फेरीत नंबर बदलता येत नाही, त्यामुळे मोजायला परत रोटेटच.

८०८५ वरचा नेहमीचा लूप असा:

```
      MVI  B,00H
      MVI  C,08H
LOOP: RAL
      JNC  SKIP
      INR  B
SKIP: DCR  C
      JNZ  LOOP
```

A मध्ये B6H टाकून बघा, म्हणजे 10110110, आणि कॅरी आधी शून्य धरा. पहिल्या `RAL` ला A होतो 6CH आणि कॅरी १. मग D9H, कॅरी ०. मग B2H ला १, 65H ला १, CBH ला ०, 96H ला १, 2DH ला १, आणि आठव्यांदा 5BH ला ०. B मध्ये ५ आले, बरोबर. पण A मध्ये आता B6H नाही, 5BH आहे, कारण फिरणारे बिट आठ नसून नऊ आहेत. लूप संपल्यावर अजून एक `RAL` दिला की B6H परत मिळतो, आणि हे जमतं कारण ८००८ पासूनच `INR` आणि `DCR` कॅरीला हात लावत नाहीत. मला हा निर्णय या सगळ्या घराण्यातला सगळ्यात शहाणा वाटतो. DCR ने कॅरी बदलला असता तर प्रत्येक फेरीत A च्या तळाशी चुकीचा बिट शिरला असता, आणि अनेक बाइटांची बेरीज लूपमध्ये करणंही अवघड झालं असतं.

इथेच एक चूक फार होते. A परत मिळावा म्हणून लोक C मध्ये 08H ऐवजी 09H टाकतात. तसं केलं की नववी फेरीही मोजली जाते आणि त्या फेरीत कॅरीत येतो तो लूपच्या आधीचा जुना कॅरी. तो शून्य असेल तर उत्तर बरोबर, म्हणून चूक लपून राहते, आणि आधीच्या कोडने कॅरी १ सोडला असेल तर B6H ला ६ येतात. ओळखायचं सोपं आहे, `STC` देऊन मग 00H वर चालवा, उत्तर १ आलं की समजा जुना कॅरी मोजला जातोय. फेऱ्या आठच ठेवा आणि नववा `RAL` लूपच्या बाहेर द्या. दुसरी चूक म्हणजे `RAL` नंतर `JZ` लावून A संपला का बघणं, ८०८५ चे रोटेट फक्त कॅरी बदलतात, झीरो फ्लॅग जुनाच राहतो.

आता वेळ. शून्य बिटच्या फेरीला २८ टी-स्टेट, १ च्या फेरीला २९, शेवटच्या `JNZ` ला तीन कमी, म्हणजे लूपला २२१ अधिक जितके १ तितके, B6H ला २२६. ३.०७२ मेगाहर्ट्झच्या किटवर साधारण ७४ मायक्रोसेकंद.

आणि हे माहीत असायला हवं की याहून वेगवान पद्धत या चिप्सच्याही आधीची आहे. १९६० मध्ये पीटर वेग्नरने छापली: आकडा आणि त्यातून एक वजा केलेला आकडा यांचा `AND` केला की सगळ्यात खालचा १ उडतो, मग जितके १ तितक्याच फेऱ्या.

```
      MVI  B,00H
      ORA  A
      JZ   DONE
LOOP: INR  B
      MOV  D,A
      DCR  D
      ANA  D
      JNZ  LOOP
DONE: HLT
```

एका फेरीला २६ टी-स्टेट. सगळे आठ बिट १ असले तरी सुरुवातीची शून्याची तपासणी धरून २१६, तर रोटेटवाल्याचा लूप FFH ला २२९ घेतो. म्हणजे ८०८५ वर वेग्नर प्रत्येक बाइटला जिंकतो. तरी शिकवताना रोटेटच घेतात आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण वेग्नरमध्ये A शून्य होऊन जातो आणि कितव्या जागी १ होता ते कळत नाही, रोटेटमध्ये C बघून तेही सांगता येतं, आणि सिरीयल पोर्टवर बाइट एकेक बिट करून पाठवायचा तर हाच लूप थोडा बदलून चालतो.

पीसीच्या प्रोसेसरमध्ये मोजायची इन्स्ट्रक्शन बऱ्याच उशिरा आली, इंटेलची `POPCNT` २००८ च्या नेहालेममध्ये. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर मात्र अजून लूपच लिहावा लागतो, आणि ८०८५ वरून ८०५१ वर कोड नेताना एक बघा. ८०८५ चा `RLC` कॅरीत बिट टाकतो पण आठातच फिरवतो, आठ वेळा दिला की A जसाच्या तसा. ८०५१ चा `RLC A` नऊ बिट फिरवतो, म्हणजे मोजणी बरोबर येते पण A बदललेला असतो. आणि तो टाळायला `RL A` घेतला तर तो कॅरीला शिवतच नाही, मग मोजणीच चुकते, B मध्ये एक तर शून्य येतं नाहीतर आठ.