‘८५ मिमी’ लिहिलं की चित्र फोटोसारखं का दिसतं?

मजकूर लिहून चित्रं बनवणाऱ्यांच्या प्रॉम्प्टला एक शेपूट हमखास असतं: `85mm, f/1.8, shallow depth of field`. ज्या मॉडेलला हा मजकूर दिला जातो त्याच्याकडे ना लेन्स असते, ना प्रकाश आत घेणारं ॲपर्चरचं भोक, ना उभं राहायला जागा. तरीही हे शब्द घातले की चेहरा फोटोतला वाटू लागतो आणि मागची गर्दी विरघळते. उलट ‘फोटोरिअलिस्टिक’ असं सरळ सांगितलं, तर पुष्कळदा मेणाच्या पुतळ्यासारखी तुकतुकीत कातडी हाती येते. असं का होतं हे समजून घ्यायचं तर या आकड्यांचा माग काढत थेट १८४० पर्यंत जावं लागतं.

फ्रेंच चित्रकार दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. तेव्हाच्या लेन्समधून प्रकाश इतका कमी यायचा की माणसाचा चेहरा टिपणं मोठं जिकिरीचं होतं, कारण बसणाऱ्याला कित्येक मिनिटं निश्चल राहावं लागे. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये आकडेमोड करून एक नवी लेन्स आखली आणि ती फोइग्टलेंडर यांनी घडवली. तिचं ॲपर्चर सुमारे f/3.6 होतं, म्हणजे त्या काळाच्या मानाने प्रचंड मोठं, कारण f/ पुढचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. मात्र ती मधोमध धारदार आणि कडांना मऊ चित्र द्यायची. डोळे स्पष्ट, भोवतालचं सगळं विरलेलं, हे व्यक्तिचित्राचं रूप कुणी आवड म्हणून निवडलेलं नव्हतं. प्रकाशाची गरज आणि काचेची मर्यादा यांतून ते आलं आणि पुढे लोकांच्या नजरेत बसलं.

लेन्सवरच्या मिमीच्या म्हणजे ‘फोकल लेंथ’च्या आकड्याला आजचा अर्थ मिळाला तो मात्र जर्मनीतल्या वेट्झलार गावात. लाइट्झ कंपनीतले ऑस्कर बारनाक यांनी सिनेमाची फिल्म आडवी फिरवून तिच्या दोन चौकटींची मिळून एक चौकट केली: २४ × ३६ मिमी. हा लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत बाजारात आला. माक्स बेरेक यांनी त्यासाठी ५० मिमीची लेन्स आखली होती. त्याआधी प्लेट कॅमेऱ्यांच्या जमान्यात नुसत्या फोकल लेंथवरून काहीच कळत नसे. ८ × १० इंचांच्या प्लेटवर ३०० मिमीची लेन्स सर्वसाधारण दृश्य देते, तर तीच लायकाच्या चौकटीवर दूरचं ओढून आणणारी होते. लायकाची चौकट जगभर रुळल्यावर मात्र आकडा आणि चौकटीत मावणाऱ्या दृश्याचा कोन यांची जोडी जुळली. आडव्या चौकटीत २४ मिमीला सुमारे ७४ अंश, ५० मिमीला ४० आणि ८५ मिमीला २४ अंश. आजही फोन आपल्या मुख्य कॅमेऱ्याला ‘२४ मिमी’ म्हणतो तेव्हा तो लायकाच्या भाषेतच बोलत असतो. त्याची खरी लेन्स सहा-सात मिमीची असते.

ॲपर्चरच्या आकड्याचंही असंच आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम या छायाचित्रकारांनी १९३२ मध्ये ‘ग्रुप f/64’ या नावाने प्रदर्शन भरवलं. पायाखालच्या गवतापासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे, ही त्यांची भूमिका. पण f/64 हा आकडा त्यांच्या मोठ्या प्लेटांचा आहे. लायकाच्या चौकटीत तितकीच डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, f/8 किंवा f/9 च्या आसपास मिळते. आकडा कुठल्या चौकटीचा हे ठाऊक नसेल, तर तो उचलून दुसरीकडे लावण्यात अर्थ नाही.

आता एक उदाहरण सविस्तर बघू. बाजारात टोपलीमागे बसलेली म्हातारी कोळीण, उभी चौकट, डोक्यापासून छातीपर्यंतचा साठ सेंटिमीटरांचा भाग. ८५ मिमी लेन्सने हा फोटो घ्यायला सुमारे दीड मीटरवर उभं राहावं लागतं. नाकापासून कान साधारण बारा सेंटिमीटर मागे धरला, तर कानाच्या तुलनेत नाक आठ टक्के मोठं उमटेल. ते डोळ्याला खटकत नाही. तीच चौकट २४ मिमीने भरायची तर कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम बेचाळीस सेंटिमीटरवर न्यावा लागतो. आता नाक कानाच्या तुलनेत जवळजवळ तीस टक्के मोठं दिसतं, गाल मागे पळतात, कान लपू लागतात. हा बदल लेन्सने केलेला नाही, अंतराने केला आहे. लेन्सने फक्त किती जवळ जावं लागेल ते ठरवलं. छायाचित्रण शिकणाऱ्यांचा इथेच सर्वाधिक घोळ होतो, आणि तोच पुढे प्रॉम्प्टमध्येही उतरतो.

डेप्थ ऑफ फील्ड याच फोटोत मोजू. लायकाच्या चौकटीसाठी ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका धारदार मानण्याचा रिवाज आहे. त्या हिशेबाने ८५ मिमी, f/1.8 आणि दीड मीटर अंतर यांत फक्त तीनेक सेंटिमीटरांची जाडी स्पष्ट येते. डोळा धरला तर कान मऊ पडलाच पाहिजे, आणि तिने पुढे केलेल्या हातातला पापलेट तर पुरता धूसर. f/8 वर हीच जाडी चौदा सेंटिमीटर होते आणि अख्खा चेहरा त्यात मावतो.

संगणकाने चित्र काढायला सुरुवात केली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. सुरुवातीच्या संगणकीय चित्रांतला कॅमेरा म्हणजे गणिताचा एक बिंदू: सुईच्या भोकासारखा, त्याला ॲपर्चरची रुंदीच नाही. त्यामुळे टेबलावरचा पेला आणि दूरचा डोंगर सारखेच कातीव, आणि चित्र पाहताक्षणी खोटं वाटायचं. पोटमेसिल आणि चक्रवर्ती यांनी १९८१ मध्ये लेन्स आणि ॲपर्चर असलेल्या कॅमेऱ्याचं प्रारूप मांडलं. त्यात आधी नेहमीसारखं धारदार चित्र काढायचं आणि मग प्रत्येक बिंदू त्याच्या अंतराप्रमाणे पसरवायचा. पण एका वस्तूने झाकलेली दुसरी वस्तू पहिल्या चित्रात आलेलीच नसते. खरी लेन्स मात्र रुंद असते आणि तिच्या कडेवरून झाकलेला भागही थोडा दिसतो. कुक, पोर्टर आणि कार्पेंटर या लुकासफिल्ममधल्या तिघांनी १९८४ मध्ये उपाय दिला: किरण एकाच बिंदूतून न पाठवता लेन्सच्या पूर्ण पृष्ठभागावर विखरून पाठवायचे. मग धूसरपणा लावावा लागत नाही, तो आपोआप येतो. ही कल्पना मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते.

तरीही कसर राहिली, ती म्हणजे लेन्सचे दोष. पिक्सारच्या २००८ च्या ‘वॉल-ई’ चित्रपटासाठी छायालेखक रॉजर डीकिन्स यांचा सल्ला घेतला गेला. रोबोटचा नमुना खऱ्या पॅनाव्हिजन कॅमेऱ्यांनी चित्रित करून लेन्स कुठे काय बिघडवते ते तपासलं गेलं आणि ते बारकावे संगणकातल्या कॅमेऱ्यात घातले गेले. प्रेक्षकाला खरेपणाची ओळख पटते ती अशा त्रुटींवरून.

मजकुरावरून चित्र काढणारी मॉडेलं वेगळ्याच वाटेने आली. त्यांना किरणांचा हिशेब कुणी शिकवला नाही. वेबवरची कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांच्या जोड्या त्यांना दाखवल्या गेल्या. २०२२ मधला लायऑन-५बी हा संच अशा पाच अब्जांहून अधिक जोड्यांचा, आणि त्यातला मजकूर म्हणजे वेबपानांवर चित्राला जोडलेली वर्णनं. ‘८५ मिमी, f/1.8’ असं चित्राखाली कोण लिहितं? कॅमेऱ्याचा षौक असलेला छायाचित्रकार. म्हणून त्या शब्दांच्या संगतीला खरे फोटो असतात, तेही निगुतीने घेतलेले. ‘फोटोरिअलिस्टिक’ हा शब्द मात्र खऱ्या फोटोखाली सहसा कुणी लिहीत नाही. तो लिहिला जातो पेन्सिलीने हुबेहूब काढलेल्या चित्राखाली किंवा थ्रीडी रेंडरखाली. मॉडेल शब्दाचा अर्थ पाळण्यापेक्षा त्याची संगत पाळतं, आणि मेणासारखी कातडी येते ती तिथून.

यातूनच मर्यादाही समजतात. आपल्या कोळिणीसाठी हे लिहून पाहा:

```
close-up photo of an old fisherwoman at a market stall, holding out a fish, 24mm, f/1.8
```

चेहरा फुगीर यायला हवा, पण असं चित्र अनेकदा ८५ मिमीसारखंच सपाट निघतं, कारण जवळचा चेहरा आणि f/1.8 हे एकत्र आले की मॉडेलच्या ओळखीतली व्यक्तिचित्रं वरचढ ठरतात. कान पाहा: दोन्ही कान ऐसपैस दिसत असतील तर २४ मिमी कागदावरच राहिलं. मग पुढे केलेला हात पाहा. नाकापासून केसांपर्यंत आणि हातातल्या मासळीपर्यंत सगळं स्वच्छ आणि त्याच्या मागे एकदम धुकं, अशी कापून चिकटवल्यासारखी धार दिसली तर ती खोली लेन्सची नव्हे. जमिनीवरही ओळखता येतं. खऱ्या फोटोत चेहऱ्याच्या अंतरावरच्या फरशीचा एक पट्टाच स्पष्ट असतो आणि दोन्ही बाजूंना तो हळूहळू मऊ होत जातो. आयफोन ७ प्लसमध्ये २०१६ ला पोर्ट्रेट मोड आला तेव्हापासून अशी संगणकाने केलेली धूसर पार्श्वभूमी असलेले फोटो वेबवर सर्रास दिसतात, म्हणजे शिकण्याच्या साहित्यातही ही चूक शिरलेली असणार.

२०२३ च्या डॅल-ई ३ या चित्र काढणाऱ्या मॉडेलपासून आणखी एक फरक पडला. त्याच्या प्रशिक्षणात वेबवरच्या वर्णनांऐवजी मुख्यतः यंत्राने चित्र पाहून लिहिलेली सविस्तर वर्णनं वापरली गेली. चित्र पाहून ‘मागची गर्दी धूसर आहे’ असं लिहिता येतं, लेन्स ८५ ची होती की १०५ ची हे सांगणं कठीण असतं. अशा मॉडेलला आकड्यापेक्षा दिसणाऱ्या परिणामाचं वर्णन जास्त भिडतं. वरच्याच प्रॉम्प्टमध्ये आकडे काढून अंतर आणि धूसरपणा शब्दांत सांगितला तर तो असा होतो:

```
photo of an old fisherwoman, camera very close to her face,
nose large, ears receding, fish in her outstretched hand
out of focus, wide view of the market behind
```

आकडे ठेवायचेच असतील तर ते एकमेकांना धरून असावेत: जवळून घेतलेल्या रुंद दृश्याला २४ किंवा २८ मिमी आणि f/5.6 ते f/8, दीड-दोन मीटरवरच्या चेहऱ्याला ८५ मिमी आणि f/2 च्या आसपास. आणि ‘फोटोरिअलिस्टिक’ हा शब्द प्रॉम्प्टमधून काढून टाकावा.