नळीतले जंतू आणि रोजची गोळी

‘लघवीची नळी आहे तोवर रोज अँटिबायोटिक द्या, म्हणजे नळीत जंतू धरणार नाहीत.’

तरीही धरतात. जंतू नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर बनवतात. त्यालाच बायोफिल्म म्हणतात. आतल्या जंतूंना अन्न-प्राणवायू कमी मिळतो, वाढ मंदावते. आणि बरीच अँटिबायोटिक्स वाढत्या जंतूंवरच नीट चालतात. शिवाय रोजच्या गोळीने औषधाला दाद न देणारे जंतूच मागे उरतात.

प्रयोगशाळेत हे पडताळता येतं. थर धरलेला नळीचा तुकडा औषधात ठेवतात, धुतात, ध्वनिलहरींनी जंतू सुटे करून आगर या जेलीसारख्या पदार्थावर वाढवतात. दुसऱ्या दिवशी जंतूंच्या वसाहती ठिपक्यांसारख्या दिसतात, म्हणजे जंतू जिवंत होते. गंमत म्हणजे, त्यांतलेच जंतू मोकळ्या द्रवात वाढवले तर बहुधा त्याच औषधाने मरतात.

म्हणून संसर्ग झाल्यास डॉक्टर जुनी नळी सहसा बदलतात.