डबा कोरडा, अल्बम ओला

आमच्या कोकणातल्या घरी मावशीने लग्नाचा अल्बम हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवला होता, सोबत बुटाच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. ठेवला भर जुलैत. दिवाळीला उघडला तर पानं एकमेकांना चिकटलेली आणि फोटोंवर करड्या बुरशीची नक्षी. डब्यात पाणी शिरलं कुठून, असा तिचा प्रश्न. शिरलं कुठूनच नव्हतं. ते अल्बमसोबतच आत गेलं होतं.

पावसाळ्यातल्या २८ अंशांच्या दमट हवेने भरलेल्या दहा लिटरच्या डब्यात जेमतेम पाव ग्रॅम वाफ असते. कागद मात्र हवेतला ओलावा शोषून बसतो. हवेची आर्द्रता ८० टक्के असेल तर तीन किलोच्या अल्बममध्ये अडीचशे-तीनशे ग्रॅम पाणी सहज असतं. ४५ टक्क्यांच्या सुरक्षित पातळीवर यायला त्यातलं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बाहेर पडायला हवं. पाच ग्रॅमची पुडी फार तर ग्रॅम-दीड ग्रॅम ओढणार! सगळं काम जेलकडूनच करून घ्यायचं तर अर्धा किलो तरी लागेल.

म्हणून आधी अल्बम वाळवायचा, मग डबा लावायचा. जानेवारी-फेब्रुवारीतली कोरडी दुपार किंवा एसीची खोली यासाठी बरी. अल्बम पंख्यासारखा उघडून उभा ठेवा, पण उन्हात नको. फोटो वळतात आणि रंगही उडतो. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की अल्बम त्या खोलीइतका कोरडा झाला. खोलीतला आर्द्रतामापक पन्नाशीच्या खाली असेल तर तिथेच डबा बंद करा. झाकणाला रबराची कडा असलेला डबा घ्या आणि एक छोटा मापक आतही ठेवा. आता जेलचं काम उरतं ते फक्त झाकणातून झिरपणाऱ्या ओलाव्यापुरतं, त्याला शे-दीडशे ग्रॅम पुरतं.

हा सगळा खटाटोप जिलेटिनसाठी. फोटोचं चित्र याच पातळ थरात असतं आणि तो थर हाडं-कातड्यांपासून बनवलेल्या प्रथिनाचा. आर्द्रता सत्तरच्या वर रेंगाळली की तो फुगून चिकट होतो, आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. कसरीलाही तेच आवडतं, शिवाय अल्बमची खळ. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही.

मावशीने तेव्हा एक फोटो ओल्या फडक्याने पुसला. बुरशी जिलेटिन पचवू लागली की तो थर पाण्यात विरघळायला लागतो. फडक्यावर बुरशीबरोबर नवरदेवाचा अर्धा चेहराही आला. बाकीचे फोटो मी आठवडाभर एसीत सुकवले. बुरशी भुकटीसारखी कोरडी झाल्यावर गच्चीत, नाकाला मास्क लावून, मऊ ब्रशने हलकेच झाडली. डाग राहिले, चेहरे वाचले. दोन पानं मात्र इतकी घट्ट चिकटली होती, की ती तशीच ठेवून दिली आहेत.