डेटाशीटवरचे चार आकडे कुठून आले

इंदूरच्या जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये नेटवर्क स्विचचं कोटेशन मागितलं, की सोबत दोन पानांची डेटाशीट हातात पडते. तिच्यात ठरलेल्या ओळी असतात: स्विचिंग कपॅसिटी, फॉरवर्डिंग रेट, मॅक टेबल, आणि कोपऱ्यात कुठेतरी ‘नॉन-ब्लॉकिंग’. या ओळी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींपोटी डेटाशीटवर आल्या. त्यातल्या काही अडचणी केव्हाच मिटल्या, आकडे मात्र तसेच छापले जातात. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे चांगला स्विच, एवढ्या हिशेबावर खरेदी केली तर पैसे भलत्याच ठिकाणी जातात.

सुरुवात फॉरवर्डिंग रेटपासून करू, म्हणजे स्विच सेकंदाला डेटाचे किती तुकडे, किती फ्रेमा, पुढे पाठवतो. १९८०च्या सुमारास १० मेगाबिटचं इथरनेट ठरलं, तेव्हा सगळे संगणक एकाच जाड केबलवर बोलत. दोघं एकदम बोलले की टक्कर व्हायची, आणि पाठवणाऱ्याचं पाठवून संपायच्या आत ती त्याला कळणं गरजेचं होतं. सिग्नल केबलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत त्याने बोलत राहिलं पाहिजे, म्हणून फ्रेम कमीत कमी ६४ बाइटची असा नियम झाला. फ्रेमच्या आधी ८ बाइटचा इशारा असतो, आणि दोन फ्रेममध्ये १२ बाइटांइतकी मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे सगळ्यात छोटी फ्रेमसुद्धा तारेवर ८४ बाइट, अर्थात ६७२ बिट खाते. एका गिगाबिटला ६७२ने भागलं की सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम येतात. डेटाशीटमधला १.४८८ एमपीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके दशलक्ष पॅकेट, तो हाच. टक्कर होणारी केबल गेली, ६४ बाइटचा नियम राहिला, आणि आजही फॉरवर्डिंग रेट त्याच नियमावर मोजला जातो.

छोट्या फ्रेमवरच का मोजायचा, यालाही कारण आहे. फ्रेम ६४ बाइटची असो की १,५१८ बाइटची, पत्ता वाचून पुढचं पोर्ट ठरवण्याचं काम तेवढंच असतं. मोठ्या फ्रेमा आल्या तर गिगाबिटवर हे काम सेकंदाला जेमतेम ८१ हजार वेळा करावं लागतं, छोट्या आल्या तर त्याच्या अठरापट. ज्या काळात हे काम साधा प्रोसेसर करायचा, त्या काळात मोठ्या फ्रेमांवर मोजलेला वेग दिमाखात छापणं सोपं होतं. हार्वर्डमध्ये अशा उपकरणांच्या चाचण्या घेणारे स्कॉट ब्रॅडनर यांनी १९९१मध्ये RFC 1242 हा इंटरनेटवाल्यांचा दस्तऐवज लिहून आधी संज्ञा पक्क्या केल्या. मग १९९६च्या RFC 1944मध्ये, आणि त्याची जागा घेणाऱ्या १९९९च्या RFC 2544मध्ये, चाचणी ६४ ते १,५१८ बाइटांच्या ठरलेल्या सात आकारांवर घ्यावी असं आलं. तोवर दुसरीकडे १९९०मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने सात पोर्टांचा इथरस्विच बाजारात आणला होता. ही कंपनी १९९४मध्ये सिस्कोने घेतली. पुढे फ्रेम पुढे ढकलण्याचं काम खास चिपकडे गेलं आणि पोर्टाचा पूर्ण वेग गाठणं ही बढाई मारण्याजोगी गोष्ट उरली नाही. आज ठरावीक पोर्टांच्या साध्या स्विचवर फॉरवर्डिंग रेट म्हणजे बहुतेक वेळा पोर्टांची बेरीज गुणिले १.४८८, एवढंच.

स्विचिंग कपॅसिटी, म्हणजे सगळ्या पोर्टांचा मिळून वेग, याची गोष्ट आणखी सरळ. १९९७मध्ये फुल डुप्लेक्सचं प्रमाण, 802.3x, आलं. एकच पोर्ट एकाच वेळी एक गिगाबिट घेऊ आणि एक गिगाबिट देऊ शकत असल्याने कंपन्यांनी ते दोन गिगाबिट मोजायला सुरुवात केली. यात खोटं काही नाही, पण एकाने दुप्पट मोजलं आणि दुसऱ्याने एकेरी, तर दोन डेटाशीट शेजारी ठेवून काही कळत नाही. काही कंपन्या तळटीपेत सांगतात, काही सांगत नाहीत.

आता एक खरेदी घेऊ. भंवरकुआ भागातल्या एका शिकवणीच्या वर्गात ४४ संगणकांची लॅब आणि एक सर्व्हर आहे असं समजा. दुकानदार दोन डेटाशीट पुढे करतो. दोन्ही ४८ गिगाबिट पोर्टांचे स्विच. पहिल्यावर १०४ जीबीपीएस आणि ७७.३८ एमपीपीएस, दुसऱ्यावर १७६ जीबीपीएस आणि १३०.९५ एमपीपीएस. “साहब, ये वाला तो लगभग डबल स्पीड है,” असं तो सांगणारच. बिचाऱ्याला छापलं तेच सांगायचं असतं.

कागदाच्या कडेला गणित करून पाहा. पहिल्यात ४८ पोर्ट आणि वर फायबरसाठी एकेक गिगाबिटचे ४, असे ५२ गिगाबिट. दुप्पट १०४. ५२ गुणिले १.४८८ म्हणजे ७७.३८. दुसऱ्यात तेच ४८ पोर्ट, पण वरचे ४ दहा-दहा गिगाबिटचे, म्हणजे ८८. दुप्पट १७६, आणि ८८ गुणिले १.४८८१ म्हणजे १३०.९५. दोन्ही हिशेब तंतोतंत जुळले. याचा अर्थ दोन्ही स्विच आपापली सगळी पोर्टं पूर्ण वेगाने चालवतात, आणि मुलं ज्या ४४ पोर्टांवर बसणार त्यांच्यात तसूभर फरक नाही. ‘डबल’ आहे ते फक्त वरच्या चार खिडक्यांमध्ये.

बेरीज जुळत नाही तेव्हा मात्र थांबावं. आकडा कमी निघाला तर आत कुठेतरी चिमटा आहे. जास्त निघाला तर आणखी काहीतरी धरलेलं आहे. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६०-एक्स मालिकेत ४८ पोर्ट आणि दोनच दहा-गिगाबिट खिडक्या असलेल्या मॉडेलवर १३०.९ एमपीपीएस छापलेलं असे. पोर्टांची बेरीज ६८ गिगाबिट, म्हणजे १०१.२ यायला हवे होते. उरलेला हिशेब आणखी २० गिगाबिट धरल्यावरच जुळतो, आणि तेवढी जागा स्विच एकमेकांना जोडायच्या स्टॅकचीच असू शकते. त्याचं मॉड्यूल वेगळं विकत घ्यावं लागे. वरच्या दुसऱ्या स्विचवरही जवळपास हाच आकडा होता, पण तिथे तो चार खिडक्यांनी भरला होता. आकडा तोच असला तरी आतला माल वेगळा.

नॉन-ब्लॉकिंग ही कल्पना टेलिफोन एक्स्चेंजमधून आली. सगळे फोन एकदम लागत नाहीत, म्हणून एक्स्चेंजमध्ये ग्राहकांपेक्षा जोडणीच्या वाटा कमी ठेवायची रीत होती. कोणाचाही फोन अडणार नाही यासाठी किती वाटा लागतील, याचं गणित बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३मध्ये मांडलं. स्विचवाल्यांनी तेच गणित आणि तीच काटकसर उचलली. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५००मधलं WS-X6148-GE-TX हे कार्ड घ्या. बाहेरून ४८ गिगाबिट पोर्ट, आत मात्र दर आठ पोर्टांच्या गटाला मिळून एकच गिगाबिट. आठास एक. टेबलावरच्या संगणकांना याने काही बिघडत नसे. पण सोयीचं म्हणून चार सर्व्हर शेजारशेजारच्या पोर्टांत लावले, की चौघांत मिळून एक गिगाबिट. मोठ्या चेसिसचं जुनं कार्ड आज कोणी स्वस्तात देऊ लागलं, तर पोर्टांचे गट कसे पाडलेत हे आधी विचारावं.

आजच्या छोट्या स्विचमध्ये हा चिमटा आत सहसा नसतो. तो बाहेर, वरच्या जोडणीत असतो, आणि तो डेटाशीटवर कधीच छापलेला नसतो, कारण तो आपणच तयार करतो. ४८ पोर्टांचा स्विच एका गिगाबिटने पुढे जोडला की अठ्ठेचाळीसास एक झालं. कार्यालयांसाठी टेबलाकडून वर जाताना वीसास एकपर्यंत चालतं, असा जुना ठोकताळा आहे. तो ईमेल आणि फाइलींच्या काळातला आहे. लॅबला तो लावू नये असं माझं मत आहे, कारण लॅबमध्ये सगळे एकाच वेळी एकच गोष्ट मागतात.

आपल्या लॅबमध्ये ही वेळ येते ती सत्राच्या सुरुवातीला, ४४ संगणकांवर नवी विंडोज इमेज उतरवताना. इमेज २० जीबीची, म्हणजे एकूण ८८० जीबी, बिटांत ७,०४० गिगाबिट. सर्व्हर एका गिगाबिट पोर्टावर असेल तर दोन तासांच्या थोडं वर. स्विच १०४चा असो की १७६चा, वेळ तेवढाच. सर्व्हरमध्ये दहा गिगाबिटचं कार्ड घालून तो दुसऱ्या स्विचच्या वरच्या खिडकीत लावला तर कागदावर बारा मिनिटं, पण साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटच वाचते, म्हणून अर्ध्या तासाच्या आसपास. इमेज सर्व्हरच्या मेमरीत मावली तर त्याहून कमी. हा दीड तास वर्षातून दोनदाच वाचणार असेल, तर पहिला स्विच घ्यावा आणि इमेज रात्री लावून घरी जावं. दर आठवड्याला परीक्षा आणि दर परीक्षेआधी नवी इमेज असेल, तर दुसरा.

उपकरणांचे पत्ते ठेवणाऱ्या मॅक टेबलची ओळ इथे पटकन ओलांडता येते. १९९०च्या 802.1D प्रमाणात ब्रिज, म्हणजे स्विचचा पूर्वज, आपल्या पोर्टावर आलेला पत्ता लक्षात ठेवतो आणि ३०० सेकंद तो पत्ता पुन्हा दिसला नाही तर विसरतो, असं ठरलं. ४४ संगणकांना ८के, म्हणजे ८,१९२ पत्त्यांची टेबल मुबलक आहे. आकडा महत्त्वाचा ठरतो तो सगळ्या इमारतींचे स्विच जिथे येऊन मिळतात तिथे, कारण त्या स्विचला स्वतःच्या पोर्टांवरचेच नव्हे, तर पलीकडून जाणारे सगळे पत्ते ठेवावे लागतात. वसतिगृहातल्या मोबाइलचे बदलते पत्तेही त्यात आले. टेबल हॅशवर चालत असल्याने ती पूर्ण भरायच्या आधीच काही पत्त्यांना जागा मिळेनाशी होते. अशा पत्त्याची फ्रेम स्विच त्या व्हीलॅनच्या, म्हणजे पोर्टांच्या त्या गटाच्या, सगळ्या पोर्टांवर सोडतो, आणि काही काम नसतानाही सगळे दिवे एका तालात लुकलुकू लागतात.

स्विच बसवल्यावर इमेज उतरत असतानाच सर्व्हरचं पोर्ट आणि एखाद्या संगणकाचं पोर्ट तपासावं. सिस्कोच्या स्विचवर, सर्व्हर ४८व्या आणि संगणक ५व्या पोर्टावर धरून:

```
show interfaces gi1/0/48 | include rxload
show interfaces gi1/0/5 | include output rate|drops
show mac address-table count
```

सर्व्हर गिगाबिटवर असेल तर पहिल्या ओळीत rxload, म्हणजे आत येणारा भार, 255/255च्या जवळ दिसेल, संगणकाच्या पोर्टावर जेमतेम २२-२३ मेगाबिट, आणि drops, म्हणजे टाकून दिलेल्या फ्रेमा, शून्य. इथे स्विच अडवत नाही, त्याच्यापर्यंतच तेवढं येतंय. सर्व्हर दहा गिगाबिटवर नेल्यावर उलट होतं. आत दहाने येतं, एकेका संगणकाकडे एकनेच जातं, आणि मधलं स्विचच्या बफरमध्ये साठतं. बफर दीड मेगाबाइटचं असेल तर एकाच संगणकाकडे निघालेला पूर्ण वेगाचा लोंढा ते दीड मिलिसेकंदाच्या आत भरून टाकतो, आणि तिथे drops वाढताना दिसतात. थोडे drops टीसीपी सांभाळून घेतो. सतत वाढत असतील तर एका वेळी इमेज घेणारे संगणक कमी करावे लागतात. बफरचा आकडा बऱ्याच डेटाशीटमध्ये शेवटच्या पानावर असतो, काहींत नसतोच. नसेल तर कोटेशनवर सही करण्याआधी तो लेखी मागून घ्यावा.