परांचीवरचा टॅग काय सांगतो, काय नाही

बांबू-बल्ल्या आणि दोरखंड होते तोवर परांचीला किती वजन पेलेल, हे बांधणाऱ्याच्या हाताला ठाऊक असे, कागदावर नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये डॅनियल पामर-जोन्स यांनी दोरीच्या गाठीऐवजी कपलर, म्हणजे दांडे एकमेकांना जोडणारी धातूची पकड, आणला, पुढे पोलादी पाइप सर्रास झाले आणि भाराचा हिशेब मांडता येऊ लागला.

आजच्या युरोपीय मानकात भारानुसार परांचीचे सहा वर्ग आहेत. तिसऱ्या वर्गात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो. अडीच मीटर लांब आणि एक मीटर रुंद खणाला मिळाले ५०० किलो. अवजारांसह दोन माणसे २०० किलो धरा, उरले ३००; तीन किलोची एक वीट धरली तर शंभर विटांत हिशेब संपला. अमेरिकेत परांचीने स्वतःचे वजन आणि वर ठरलेल्या भाराच्या चौपट पेलावे असा नियम आहे. ही चौपट म्हणजे जास्तीचा माल ठेवायची मुभा नव्हे, पण साइटवर ती तशीच वापरली जाते.

हा वर्ग, तपासणीची तारीख आणि सही शिडीपाशी लटकणाऱ्या टॅगवर असते. हिरवा असेल तर चढा, लाल असेल तर नाही. अडचण अशी की टॅग तपासणीच्या क्षणाची अवस्था सांगतो. नंतर कोणी प्लास्टरसाठी परांचीला भिंतीशी जखडणारे दोन टाय काढले, वर जाळी लावली आणि वारा सुटला, तर टॅग हिरवाच राहतो. म्हणून अमेरिकेत दर पाळीपूर्वी आणि मजबुतीवर परिणाम करणारे काही घडल्यावर पुन्हा तपासणी लागते. ब्रिटनमध्ये जास्तीत जास्त सात दिवसांनी.

तरीही नुसत्या पाइप-फळ्या पाहून भागत नाही, हे २७ एप्रिल १९७८ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला दिसले. वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरची परांची जमिनीवर उभी नव्हती. टॉवरच्या ताज्या काँक्रीटलाच बोल्टने अडकवलेली होती. एक थर ओतायचा, दुसऱ्या दिवशी परांची वर सरकवायची, असा क्रम होता. आदल्या दिवशीचा थर थंड रात्रीत पुरेसा कठीण झालेला नव्हता. नवे काँक्रीट बादलीने वर चढत असताना, सुमारे ५० मीटरवर तो थर सुटू लागला आणि परांची टॉवरभोवती गोल उलगडत खाली आली. ५१ कामगार गेले.

चौकशी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेने, नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने, कमी पडलेल्या त्या काँक्रीटवरच बोट ठेवले. पाइपची जाडी, कपलरची पकड, फळ्या हे सारे पाहूनही हा दोष दिसला नसता. त्यासाठी त्याच ठिकाणी, त्याच थंडीत ठेवलेले काँक्रीटचे नमुने फोडून बघावे लागतात आणि आकडा येईपर्यंत परांची हलवायची नसते.