परदेशी विद्यार्थ्यांना आधार नेमका कधी हवा असतो? एक पार्श्वभूमी

परदेशी शहरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या आधार-सेवांचा इतिहास बहुधा १९०९ सालच्या न्यूयॉर्कपासून सांगितला जातो. वायएमसीएचे कार्यकर्ते हॅरी एडमंड्स यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटले, तेव्हा या शहरात येऊन तीन आठवडे झाले आणि आपल्याशी बोललेले तुम्ही पहिलेच, असे तो म्हणाला. एडमंड्स दांपत्याने मग अशा विद्यार्थ्यांना रविवारी घरी जेवायला बोलावणे सुरू केले आणि त्यातूनच, रॉकफेलर यांच्या देणगीच्या बळावर, १९२४ मध्ये ‘इंटरनॅशनल हाउस’ हे वसतिगृह उभे राहिले.

आधार द्यायचा तो केव्हा, हा प्रश्न मात्र पुढे आला. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवरून १९५५ मध्ये असे मांडले की, सुरुवातीला सारे छान वाटते, सहा ते अठरा महिन्यांच्या वास्तव्यात मन खचते आणि त्यानंतर माणूस सावरतो. हा ‘यू’ आकाराचा आलेख कमालीचा लोकप्रिय झाला; पण लिसगार्ड यांनी एकाच माणसाचा वर्षभर माग काढला नव्हता, तर वेगवेगळ्या मुदतीसाठी राहिलेल्या वेगवेगळ्या लोकांची तुलना केली होती, हे त्या लोकप्रियतेत मागे पडले.

१९९८ मध्ये कॉलिन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. आगमनानंतर चोवीस तासांच्या आत, मग चौथ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात त्याच विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले गेले, तेव्हा सर्वाधिक अडचणी अगदी सुरुवातीलाच आढळल्या. नमुना लहान होता, तरी निष्कर्ष अनुभवाशी जुळतो. भाडेकरार करायला बँक खाते लागते, खाते उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो आणि पत्ता मिळायला भाडेकरार लागतो; नवा विद्यार्थी या फेऱ्यात अडकतो तो पहिल्याच आठवड्यात. तिथे विद्यापीठाच्या शिक्क्याचे, तात्पुरता पत्ता प्रमाणित करणारे एक पत्र बरेचदा काम करून जाते, पण ते मागता येते हे त्याला कुणीतरी सांगावे लागते.

म्हणूनच, माझ्या मते, पहिल्या आठवड्यातल्या माहितीसत्रापेक्षा आगमनाच्या दिवशीच एका जुन्या विद्यार्थ्याशी जोडी लावून देणे अधिक उपयोगी आहे. जोडीदार निवडताना तो त्याच विभागातला असावा आणि शक्य तर त्याने हीच कागदपत्रे नुकतीच केलेली असावीत. या व्यवस्थेचा कच्चा दुवा परीक्षेच्या काळात दिसतो: जोडीदार स्वतःच्या अभ्यासात बुडतो, निरोपांना उत्तरे येईनाशी होतात आणि नवा विद्यार्थी संकोचाने विचारणेच सोडून देतो. त्यामुळे अशा जोड्यांमध्ये शेवटचे बोलणे कधी झाले, याची विचारपूस परीक्षांच्या आधीच, कार्यालयातल्या पगारी सल्लागाराने करायला हवी.