लेबलवरचे किलोवॅट नक्की कशाचे?

दीड टनाच्या एसीच्या लेबलवर 18000 बीटीयू प्रति तास असा आकडा असतो. त्याला 3412 ने भागलं की 5.28 किलोवॅट मिळतात. गणित अगदी बरोबर आहे. पण हा आकडा घेऊन कोणी एमसीबी किंवा जनरेटर निवडायला बसलं, तर घोळ झालाच म्हणून समजा. तो एसी 5.28 किलोवॅट वीज ओढतच नाही. पूर्ण भारावर तो साधारण 1.6 किलोवॅट ओढतो.

मग 5.28 हे काय आहे? त्यासाठी 'टन' कुठून आला ते पाहू. यंत्रं येण्याआधी थंडावा बर्फाने मिळायचा, त्यामुळे यंत्राची ताकदही बर्फातच मोजली गेली. 2000 पौंडांचा, म्हणजे सुमारे 907 किलोचा, शून्य अंशावरचा बर्फ 24 तासांत पूर्ण वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता त्याच वेळात ओढून घेणारं यंत्र एक टनाचं. एक पौंड बर्फ वितळायला 144 बीटीयू लागतात. 2000 पौंडांना 2,88,000 लागतील, आणि त्याला 24 ने भागलं की तासाला 12,000 बीटीयू. किलोवॅटमध्ये 3.517. इथे 1000 किलोचा टन धरला तर उत्तर 3.86 येतं, म्हणजे जवळपास दहा टक्क्यांची चूक.

तेव्हा टन आणि बीटीयू प्रति तास हे खोलीतून उचललेल्या उष्णतेचे आकडे आहेत. एसी उष्णता तयार करून विकत नाही, ती आतून उचलून बाहेर टाकतो, म्हणून 1.6 किलोवॅट विजेवर 5.28 किलोवॅट उष्णता हलवणं त्याला जमतं. दोन्हींचा भागाकार 3.3. बाहेरच्या युनिटमधून मात्र दोन्हींची बेरीज, म्हणजे जवळपास 6.9 किलोवॅट उष्णता बाहेर पडते. ते युनिट कोंदट जागेत का बसवू नये, ते या आकड्यावरून कळतं. लेबलवर 'क्षमता 5.28 किलोवॅट' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? 'शीतकरण क्षमता 5.28 किलोवॅट' आणि 'विद्युत इनपुट 1.6 किलोवॅट' अशा दोन वेगळ्या ओळी हव्यातच. आणि 'प्रति तास' गाळू नये. नुसता बीटीयू म्हणजे उष्णतेची रक्कम. तासाला किती, हे आलं की मगच ती शक्ती होते.

मोटरीत हाच घोटाळा उलट्या दिशेने होतो. 5 एचपीच्या मोटरीचे किलोवॅट 5 गुणिले 0.746, म्हणजे 3.73. हे शाफ्टवर मिळणारं आउटपुट आहे. वीज त्याहून जास्त लागते, कारण थोडी मोटर तापवण्यात आणि घर्षणात जाते. कार्यक्षमता 85 टक्के धरली तर इनपुट 4.39 किलोवॅट. आता 400 व्होल्ट थ्री-फेजवर करंट काढू. कोणी 3.73 किलोवॅट घेऊन, पॉवर फॅक्टरही विसरून हिशेब केला तर 5.4 अँपिअर येतात. 4.39 किलोवॅट आणि 0.82 पॉवर फॅक्टर धरला तर 7.7 अँपिअर. ओव्हरलोड रिले 5.4 वर लावला, तर मोटर ठणठणीत असूनही पूर्ण भार आला की तो ट्रिप होणार. मग बेअरिंग तपासा, वाइंडिंग तपासा, सगळं केलं जातं, आणि चूक असते लेबल वाचण्यात. रिले लावताना मोटरीच्या प्लेटवर छापलेला अँपिअरचा आकडाच घ्यावा. एचपीवरून करंट काढणं हा प्लेट पुसली गेली असेल तेव्हाचा नाइलाज.

एचपीतही दोन जाती आहेत, आणि ते फार जणांच्या ध्यानात येत नाही. इंग्लिश पद्धतीचा हॉर्सपॉवर म्हणजे सेकंदाला 550 फूट-पौंड, 745.7 वॅट. मेट्रिक हॉर्सपॉवर म्हणजे 75 किलो वजन सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद, 735.5 वॅट. इंजिनांच्या कागदांवर मेट्रिक आकडा पीएस किंवा सीव्ही म्हणून येतो, पण कधीकधी सरळ एचपी म्हणूनही छापलेला असतो. फरक दीड टक्क्याच्या आतच आहे. लहान पंपाला तो कळणारही नाही, मोठ्या इंजिनाला कळतो: 100 किलोवॅट म्हणजे एका हिशेबाने 134 आणि दुसऱ्याने 136.

ओळखायची युक्ती सोपी आहे. लेबलवर किलोवॅट आणि एचपी दोन्ही असतील तर किलोवॅटला एचपीने भागा. 0.746 च्या आसपास आलं तर इंग्लिश, 0.7355 च्या आसपास आलं तर मेट्रिक. आकडे लहान असतील तर मात्र ही युक्ती फसते. 5 एचपीच्या मोटरीवर 3.7 किलोवॅट लिहिलेलं असतं, आणि भागाकार 0.74 येतो, दोन्हींच्या मधोमध. तिथे छापताना केलेलं पूर्णांकन बोलत असतं, घोड्याची जात नाही.